फराळाच्या तीन डब्यांची पोस्ट: ग्राहक सहज मधला डबा निवडतील अशी मांडणी

दिवाळीच्या तोंडावर घरगुती फराळ विकणाऱ्यांच्या पोस्ट पाहिल्या, तर बहुतेकींमध्ये एकच चूक दिसते. पंधरा पदार्थांचे किलोचे दर एकाखाली एक लिहिलेले असतात आणि शेवटी घाईघाईने लहान, मध्यम व मोठा असे तीन डबे जोडलेले असतात. त्या तीन डब्यांत नेमका फरक काय, हे वाचणाऱ्याला स्वतः हिशेब करून शोधावे लागते. तो हिशेब करायला कोणी थांबत नाही. ग्राहक सर्वांत कमी किमतीचा डबा मागतो किंवा ‘नंतर कळवते’ असे लिहून निघून जातो.

हा लेख ती मांडणी दुरुस्त करण्यासाठी आहे. उदाहरण एकच घेतले आहे आणि ते शेवटपर्यंत चालवले आहे. त्यातील दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, त्यामुळे आपले दर आपल्या गावाप्रमाणे आणि मालाप्रमाणे घालावेत. सारे टप्पे एका गोष्टीवर उभे आहेत: मधला डबा आधी ठरवायचा आणि लहान व मोठा डबा त्याच्याकडे पाहून बांधायचा. बहुतेक जण लहानापासून सुरुवात करून वर चढत जातात, आणि मग मधल्या डब्यात लहानाहून थोडे जास्त आणि मोठ्याहून थोडे कमी, एवढेच उरते.

## पूर्वतयारी: मागणी कमी आहे की हात कमी आहेत?

पोस्ट लिहिण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहून ठेवावे, कारण ते चुकले तर पुढची सगळी मेहनत तोट्यात नेते.

समजा, मदतनीस धरून तुमच्या स्वयंपाकघरातून दिवाळीपर्यंत ८० किलो फराळ निघू शकतो आणि नेहमीची मागणी करणारी घरे ४० आहेत. अशा वेळी प्रत्येक घराने एक किलोऐवजी दोन किलोंचा डबा घेतला, तरच तुमची क्षमता पूर्ण वापरली जाते. येथे मधल्या डब्यावर थोडी सवलत देणे रास्त आहे. मात्र मागणी करणारी घरे शंभर असतील आणि माल ८० किलोच निघणार असेल, तर सवलत देऊन मोठे डबे खपवल्याने तेवढ्याच मालावर कमी पैसे मिळतील आणि वीसहून अधिक घरे रिकाम्या हाती परततील. ज्यांची क्षमता आधीच भरलेली आहे, त्यांनी सवलतीचे डबे न काढता दर तपासावेत. पुढील टप्पे पहिल्या स्थितीतील विक्रेत्यांसाठी आहेत.

दुसरी तयारी मागच्या वर्षीच्या मागण्यांची. वही किंवा व्हॉट्सअॅपवरील जुने संवाद उघडून प्रत्येक घराने काय आणि किती घेतले, ते एका कागदावर उतरवावे. त्यात दोन गोष्टी शोधायच्या असतात: बहुतेक घरांनी मागितलेले पदार्थ कोणते, आणि लोक घरी करायचे टाळतात म्हणून तुमच्याकडून घेतात असे पदार्थ कोणते. चिवडा अनेक घरी होतो. करंजीचे सारण, पारी, कातण आणि तळण एकटीने करणे जड जाते, म्हणून करंजी बाहेरून घेतली जाते. हा दुसऱ्या प्रकारचा पदार्थ मधल्या डब्यासाठी फार मोलाचा आहे.

तिसरी तयारी खर्चाची. प्रत्येक पदार्थाच्या किलोमागे सामान, तेल-तूप, गॅस, मदतनिसाची मजुरी आणि स्वतःच्या कामाचा मोबदला धरून खर्च काढावा. स्वतःची मजुरी धरली नाही, तर प्रत्येक डबा फायद्याचा दिसतो आणि दिवाळी संपल्यावर हाती काही उरलेले नसते.

## टप्पा १: मधला डबा आधी बांधा

आपल्या उदाहरणात सुट्या फराळाचे किलोचे दर असे आहेत: चिवडा ४०० रुपये, शंकरपाळे ४४०, चकली ५६०, बेसन लाडू ६४०, करंजी ६८० आणि अनारसे ८००. शहरात घरपोच देण्याचे ६० रुपये.

मधला डबा चार माणसांच्या घरासाठी धरू. चिवडा, चकली आणि बेसन लाडू रोज खाल्ले जातात आणि आल्यागेल्याच्या ताटलीत जातात, म्हणून ते प्रत्येकी अर्धा किलो. शंकरपाळे आणि करंजी प्रत्येकी पाव किलो. एकूण वजन दोन किलो झाले आणि सुट्या दराने किंमत २०० + २८० + ३२० + ११० + १७०, म्हणजे १,०८० रुपये झाली. घरपोच धरून ती १,१४०.

येथे थांबून स्वतःला विचारावे की पोस्टमध्ये दुसरा कोणताही डबा नसता, तरी हा डबा चार माणसांच्या घराने आनंदाने घेतला असता का. उत्तर नाही असेल, तर दोन्ही बाजूंना कितीही चतुर किमती ठेवल्या तरी तो चालणार नाही. डबा दोन डब्यांच्या मध्ये ठेवल्याने निवड सोपी होते, पण नको असलेला पदार्थ त्यामुळे हवासा होत नाही.

टाळा: मागच्या वर्षी न खपलेला पदार्थ मधल्या डब्यात घालून मार्गी लावण्याचा मोह. ‘तो पदार्थ काढून दर कमी करा’ असा पहिला निरोप आला, की तीन डब्यांची सगळी मांडणी मोडते.

## टप्पा २: लहान डबा पुरा ठेवा

लहान डबा दोन माणसांसाठी: चिवडा, चकली, बेसन लाडू आणि शंकरपाळे प्रत्येकी पाव किलो. वजन एक किलो आणि सुट्या दराने किंमत ५१० रुपये. या डब्यावर सवलत नाही आणि घरपोचचे ६० रुपये वेगळे आहेत.

लोकांनी मधला डबा घ्यावा म्हणून लहान डबा मुद्दाम अधुरा करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. लाडू काढून टाका, म्हणजे माणूस आपोआप वर चढेल, असे त्यामागचे गणित असते. घरगुती व्यवसायात हे करू नये. लहान डबा घेणारी बरीच घरे एकट्या ज्येष्ठांची, नव्या जोडप्यांची किंवा तुमच्याकडून पहिल्यांदाच मागवणाऱ्यांची असतात. लाडवाशिवाय आलेला दिवाळीचा डबा पाहून त्यांचे तुमच्याबद्दलचे पहिले मत ठरते, आणि पुढच्या वर्षी मधला डबा घेऊ शकणारे घर हातचे जाते.

लहान आणि मधल्या डब्यातला फरक दोनच वाक्यांत सांगता आला पाहिजे. आपल्या उदाहरणात तो असा आहे: मधल्यात मुख्य तीन पदार्थ दुप्पट आहेत आणि करंजी वाढली आहे. पाचपाच ठिकाणी किरकोळ फरक केले, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात तुलना उभी राहत नाही, आणि तुलना झाली नाही की तो नुसती किंमत पाहतो.

## टप्पा ३: मोठा डबा खरा असू द्या

मोठा डबा एकत्र कुटुंबासाठी किंवा पाहुणे असलेल्या घरासाठी: चिवडा, चकली आणि बेसन लाडू प्रत्येकी एक किलो, शंकरपाळे अर्धा किलो, करंजी पाव किलो आणि अनारसे पाव किलो. वजन चार किलो आणि सुट्या दराने किंमत २,१९० रुपये, म्हणजे घरपोच धरून २,२५०.

मोठा डबा केवळ मधला स्वस्त वाटावा म्हणून ठेवायचा, ही समजूत काढून टाकावी. इटामार सायमनसन आणि अमोस ट्वर्स्की या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांपुढे दोन किमतींचे कॅमेरे ठेवले, तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. तिसरा, अधिक महाग कॅमेरा जोडल्यावर मधला निवडणारे ५७ टक्के झाले. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच प्रयोगात २१ टक्के लोकांनी सर्वांत महाग कॅमेरा निवडला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. तुमचा मोठा डबाही काही घरे मागणारच, आणि तो पोस्टमध्ये लिहिल्यासारखाच द्यावा लागेल.

येथे अनारशांचा विचार वेळेच्या दृष्टीने करावा. तांदूळ तीन दिवस भिजत ठेवून रोज पाणी बदलायचे, मग ते सावलीत वाळवून दळायचे, गूळ किंवा साखर घालून पीठ मळायचे आणि ते आणखी काही दिवस मुरू द्यायचे असते. आयत्या वेळी आलेली मागणी त्यात बसत नाही. म्हणून मोठ्या डब्याची मागणी बंद होण्याची तारीख इतर दोन डब्यांच्या किमान आठवडाभर आधीची ठेवावी आणि ती पोस्टमध्येच लिहावी. तारीख उलटून गेल्यावरही तो डबा पोस्टमध्ये तसाच ठेवून, विचारणाऱ्याला ‘तो संपला, मधला घ्या’ असे सांगणे ही फसवणूक आहे. एका गोष्टीची जाहिरात करून दुसरीच गळ्यात मारण्याचा हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अनुचित मांडणीच्या प्रकारांमध्ये धरलेला आहे, आणि ती तत्त्वे विक्रेत्यांनाही लागू आहेत.

## टप्पा ४: किमती लावा आणि तीन कसोट्या घ्या

मधल्या डब्याची किंमत घरपोच धरून ९९० रुपये ठेवू. सुटे घेतले असते तर १,१४० लागले असते, म्हणजे ग्राहकाचे १५० रुपये वाचतात. मोठ्या डब्याला सुरुवातीला २,१०० रुपये लावून पाहू आणि मग किमती तपासू.

पहिली कसोटी, पायऱ्यांची. लहानावरून मधल्यावर जाताना ग्राहकाला किती जास्त मोजावे लागते आणि मधल्यावरून मोठ्यावर जाताना किती, हे मांडावे. पहिली पायरी दुसरीपेक्षा स्पष्टपणे लहान हवी. लहान डबा घरपोच ५७० रुपयांना पडतो, म्हणून पहिली पायरी ४२० रुपयांची आहे. दुसरी १,११० रुपयांची आहे. ४२० रुपयांत एक किलो जास्तीचा फराळ आणि त्यात करंजी, हा सौदा वाचणाऱ्याला हिशेब न करताही दिसतो.

दुसरी कसोटी, दुपटीची. दोन लहान डबे घेतले तर काय होते आणि दोन मधले घेतले तर काय होते, हे पाहावे. ही कसोटी बहुतेक जण घेत नाहीत आणि चाणाक्ष ग्राहक मात्र पहिल्यांदा हेच करतात. दोन लहान डबे एकदाच घरपोच दिले तर १,०८० रुपये होतात आणि त्यात करंजी नसते. मधला ९९० चा आहे, त्यामुळे येथे अडचण नाही. दोन मधले डबे १,९८० रुपयांना पडतात आणि त्यांत चार किलो फराळ येतो. आपला मोठा डबाही चार किलोंचा आहे. त्याच्यात आणि दोन मधल्यांत फरक इतकाच, की पाव किलो करंजीच्या जागी पाव किलो अनारसे आले. सुट्या दराने हा फरक ३० रुपयांचा आहे आणि आपण १२० रुपये जास्त लावून बसलो आहोत. म्हणजे २,१०० ही किंमत चुकली. मोठा डबा २,०१० च्या आत हवा, म्हणून तो १,९९० करू. आता दुसरी पायरी १,००० रुपयांची झाली. ती पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे, तेव्हा पहिली कसोटीही टिकते.

मोठा डबा महाग ठेवून मधला चांगला दाखवण्याच्या नादात हीच चूक होते. एका ग्राहकाने सोसायटीच्या गटात ‘मोठ्यापेक्षा दोन मध्यम घ्या, स्वस्त पडतात’ असे लिहिले, की तुमच्या सगळ्याच किमतींकडे लोक संशयाने पाहू लागतात.

तिसरी कसोटी, हाती उरणाऱ्या पैशांची. समजा, सामान, मजुरी, डबा आणि आपल्याला भरावे लागणारे घरपोचचे पैसे धरून लहानाचा खर्च ३१०, मधल्याचा ७२० आणि मोठ्याचा १,४०० येतो. लहानाचे घरपोच ग्राहक वेगळे देतो, म्हणून ते येथे धरलेले नाही. मग एका डब्यामागे अनुक्रमे २००, २७० आणि ५९० रुपये उरतात. चाळीस घरांनी लहान घेतला तर ८,००० आणि मधला घेतला तर १०,८०० रुपये. पण किलोमागे पाहिले तर लहानात २०० आणि मधल्यात १३५ रुपयेच उरतात. पूर्वतयारीतला पहिला प्रश्न का महत्त्वाचा होता, ते या आकड्यांवरून कळेल: मागणी कमी असताना मधला डबा फायद्याचा आहे आणि हात कमी असताना तोट्याचा.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोठा डबा घेणाऱ्या घराला मधल्यावर उतरवण्यात विक्रेत्याचा काहीच लाभ नाही. सगळी मांडणी लहान डब्यावर थांबणाऱ्या, पण चार माणसे असलेल्या घरासाठी आहे.

तपासा: तुमचे बहुतेक ग्राहक त्याच सोसायटीतले असून डबा स्वतः घेऊन जात असतील, तर मोफत घरपोचचा त्यांना उपयोग नाही. त्यांना ५१० ला एक किलो आणि ९९० ला दोन किलो एवढेच दिसेल, आणि फरक जेमतेम वाटेल. अशा वेळी मधल्यातून घरपोचचे ६० रुपये वजा करून लहानाला ५१० आणि मधल्याला ९३० अशा किमती लावाव्यात, दोन मधले आता १,८६० ला पडतात म्हणून मोठा डबा दुपटीच्या कसोटीप्रमाणे १,८९० च्या आत आणावा आणि घरपोच सर्वांनाच वेगळे ठेवावे.

## टप्पा ५: नाव माणसांवरून द्या

सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम ही नावे वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. ‘मिनी’ किंवा ‘इकॉनॉमी’ म्हटले की तो डबा घेणाऱ्याला कमीपणा वाटतो. नाव घरातल्या माणसांवरून द्यावे: दोघांचा डबा, चौघांचा डबा, पाहुण्यांसह डबा. मग ग्राहक ‘मला कितीचा परवडेल’ याऐवजी ‘आम्ही घरी किती जण’ या प्रश्नापासून सुरुवात करतो, आणि ज्या घरात चार माणसे आहेत ते घर मधल्या डब्यापाशीच पोहोचते. माझ्या मते या एका बदलाचा परिणाम किमतीतल्या कुठल्याही युक्तीहून अधिक होतो, कारण त्यात ग्राहकाला त्याच्या खऱ्या गरजेची आठवण करून दिलेली असते.

अर्थात नाव खरे हवे. दोन किलोंचा डबा चौघांना चार-पाच दिवस पुरणार नसेल, तर त्याला चौघांचा म्हणू नये.

## टप्पा ६: पोस्ट लिहा

तिन्ही डबे एकाच साच्यात लिहावेत: आधी नाव, मग किंमत, मग वजन, मग पदार्थ. पदार्थांचा क्रमही तिन्हीकडे तोच ठेवावा आणि वाढलेला पदार्थ शेवटी लिहावा, म्हणजे नजर वरून खाली येताना तोच पदार्थ नवा दिसतो. क्रम लहानाकडून मोठ्याकडे असावा. मधला डबा सर्वांत वर लिहिला, तर तो मधला राहत नाही.

आपल्या उदाहरणाची व्हॉट्सअॅपवरची पोस्ट अशी होईल. तारकाचिन्हांच्या आतला मजकूर तेथे ठळक दिसतो.

```
*दिवाळी फराळ: घरी किती जण आहात?*

*दोघांचा डबा: ५१० रुपये* (घरपोच ६० वेगळे)
१ किलो: चिवडा, चकली, बेसन लाडू,
शंकरपाळे, प्रत्येकी पाव किलो

*चौघांचा डबा: ९९० रुपये, घरपोच धरून*
२ किलो: चिवडा, चकली, बेसन लाडू
प्रत्येकी अर्धा किलो, शंकरपाळे पाव किलो
आणि *करंजी पाव किलो*
(सुटे घेतल्यास घरपोच १,१४०)

*पाहुण्यांसह डबा: १,९९० रुपये, घरपोच धरून*
४ किलो: चिवडा, चकली, बेसन लाडू
प्रत्येकी एक किलो, शंकरपाळे अर्धा किलो,
करंजी पाव किलो आणि *अनारसे पाव किलो*
(सुटे घेतल्यास घरपोच २,२५०)

चिवड्यात शेंगदाणे आहेत.
मागणीसाठी डब्याचे नाव आणि पत्ता पाठवा.
```

याखाली मागणी बंद होण्याच्या दोन्ही तारखा, डबे पोहोचवण्याचे दिवस आणि एफएसएसएआयचा चौदा अंकी नोंदणी क्रमांक लिहावा.

या पोस्टमध्ये सुट्या पदार्थांची दरपत्रिका नाही, आणि ती मुद्दाम ठेवलेली नाही. दरपत्रिका त्याच पोस्टमध्ये घातली की ती चौथा पर्याय होते, आणि तिच्यात पर्याय अनेक असल्यामुळे ग्राहक तीन डब्यांची तुलना सोडून पदार्थ मोजू लागतो. मात्र दरपत्रिका वेगळी तयार असावी आणि मागेल त्याला लगेच द्यावी. ‘सुटे घेतल्यास १,१४०’ असे लिहिणाऱ्याकडे त्या दराने सुटा फराळ खरोखर मिळालाच पाहिजे. नाहीतर तो आकडा खोटा ठरतो.

मधल्या डब्यावर एखादी खूण करायची असेल, तर एकच करावी आणि ती खरी असावी. ‘मागच्या वर्षी सर्वाधिक घरांनी घेतला’ हे वाक्य वहीत तसे दिसत असेल तरच लिहावे. पहिल्याच वर्षी डबे काढणाऱ्याने ‘चार माणसांच्या घरासाठी’ एवढेच लिहावे, कारण ते पुरेसे आहे. ‘शेवटचे पाच डबे’ अशी खोटी घाई आणि मागणी पक्की झाल्यावर घरपोचचे पैसे वाढवणे, हे दोन्ही प्रकार वर उल्लेखलेल्या तत्त्वांत नाव घेऊन नोंदवलेले आहेत. म्हणूनच लहान डब्यासमोर घरपोचची रक्कम पहिल्याच ओळीत लिहिली आहे.

इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचे दाबून उघडावे लागते. म्हणून तेथे तिन्ही डबे, तिन्ही किमती आणि वजने एकाच चित्रात आणि पहिल्याच चित्रात असावीत. प्रत्येक डब्याला वेगळे चित्र दिले, तर मधला डबा मधला असल्याचे पाहणाऱ्याला कळतच नाही, कारण तिन्ही एकत्र त्याच्या नजरेसमोर कधीच येत नाहीत. छायाचित्र काढताना तिन्ही डबे एकाच अंतरावरून, एकाच उजेडात आणि झाकण उघडून शेजारी ठेवावेत. लहान डबा कोपऱ्यात अंधारात ठेवण्याची गरज नाही, कारण शेजारी ठेवल्यावर आकाराचा फरक आपोआप दिसतो.

तपासा: पोस्ट टाकण्यापूर्वी ती घरातल्या अशा व्यक्तीला फोनवर दाखवावी, जिला हे डबे ठाऊक नाहीत. थोड्या वेळाने फोन बाजूला ठेवून विचारावे, ‘चौघांच्या डब्यात दोघांच्यापेक्षा जास्त काय आहे?’ उत्तरात ‘करंजी’ आली, तर पोस्ट तयार आहे. ‘जरा जास्त माल आहे’ असे उत्तर आले, तर टप्पा २ कडे परत जावे.

## टप्पा ७: विचारणा आल्यावर

चांगली पोस्टही उत्तर देताना बिघडवता येते. ‘ताई, काय काय आहे?’ असा निरोप आला की बरेच जण लांब दरपत्रिका पाठवून देतात आणि ग्राहकाला पुन्हा पंधरा पर्यायांत ढकलतात. त्याऐवजी एवढेच विचारावे: ‘काकू, घरी किती जण आहात, आणि पाहुणे येणार आहेत का?’ उत्तर ‘आम्ही दोघेच’ असेल, तर दोघांचाच डबा सांगावा. तेथे चौघांचा पुढे करू नये.

सर्वांत जास्त येणारी विचारणा पदार्थ बदलण्याची असते. ‘करंजीऐवजी चकली द्याल का?’ याचे उत्तर आधीच ठरलेले हवे. सोपा नियम असा, की एका डब्यात एकच बदल मिळेल, वजन तेवढेच राहील आणि बदलून घेतलेल्या पदार्थाचा दर काढलेल्या पदार्थाइतका किंवा त्याहून कमी असेल. चकली करंजीहून स्वस्त आहे, म्हणून हा बदल द्यावा आणि किंमत तीच ठेवावी. करंजीऐवजी अनारसे मागितले, तर नम्रपणे सांगावे: ‘अनारसे पाहुण्यांसह डब्यातच आहेत काकू, पण पाव किलो सुटे दोनशे रुपयांना देऊ शकेन.’ प्रत्येक निरोपाला वेगळा बदल मान्य करत गेले, तर भरण्याच्या दिवशी चाळीस डब्यांचे चाळीस प्रकार होतात आणि हमखास एखादा डबा चुकीचा जातो.

## टप्पा ८: पहिल्या आठवड्यानंतर वही उघडा

कोणता डबा किती गेला, एवढेच मोजून भागत नाही. न घेतलेल्यांनी काय विचारले, तेही शेजारी लिहावे.

दोघांचा डबा चौघांच्या डब्याहून जास्त जात असेल आणि घेणाऱ्या घरांत चार माणसे असतील, तर पहिली पायरी मोठी आहे किंवा फरक दिसत नाही. आधी मजकूर सुधारावा, म्हणजे करंजीची ओळ ठळक करावी आणि छायाचित्र बदलावे. किंमत त्यानंतर बदलावी. दोन्ही एकदम बदलले, तर कशाने फरक पडला ते पुढच्या वर्षीसाठी कळत नाही. घेणारी घरे खरोखरच दोन माणसांची असतील, तर मांडणीत दोष नाही. तुमचा ग्राहकवर्गच लहान घरांचा आहे, आणि पुढच्या वर्षी मधला डबा दोन किलोंऐवजी दीड किलोचा बांधावा.

बदलाच्या विचारणा एकाच पदार्थाभोवती फिरत असतील, तर तो पदार्थ मधल्या डब्यात चुकून बसला आहे. मोठा डबा अपेक्षेपेक्षा जास्त जात असेल, तर अनारशांचे पीठ किती तयार आहे ते त्याच दिवशी मोजावे आणि तेवढ्या मागण्या झाल्या की पोस्टमधून तो डबा काढून टाकावा. दोनच डबे उरल्यावर चौघांचा डबा सर्वांत महाग दिसू लागतो आणि काही घरे दोघांच्या डब्याकडे वळतात. अशा वेळी मोठ्या डब्याच्या जागी अनारशांऐवजी करंजी वाढवलेला चार किलोंचा डबा ठेवता येतो, पण त्याची किंमत दुपटीच्या कसोटीतून पुन्हा काढावी लागते: त्यातला माल आता तंतोतंत दोन मधल्या डब्यांइतका आहे, म्हणून तो १,९८० च्या वर जाता कामा नये. आधीच्या किमतीने ज्यांनी मागणी पक्की केली आहे, त्यांना ठरलेल्या किमतीत आणि ठरलेल्या पदार्थांसहच डबा द्यावा.